न भरणारी जखम आणि सेली यांचा तिसरा टप्पा: ताणाने ग्रंथी खरेच रिकामी होते का?

फोंडेकरीण

माझी थोरली बहीण फोंड्याजवळच्या एका खेड्यात राहते. तिच्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश झालेला असून गेली चार-पाच वर्षे त्यांचे सगळे बहीणच करते. भावोजी जहाजावर नोकरीला असतात, मुलगी शिकायला पुण्यात आहे. सासूबाई रात्री दोन-तीन वेळा उठतात आणि दार उघडे मिळाले तर सरळ कुळागराच्या वाटेला लागतात, त्यामुळे बहिणीला सलग झोप अशी मिळतच नाही. गेल्या महिन्यात विळीवर मासळी कापताना तिच्या तळहाताला, अंगठ्याच्या बुडाशी, खोल चीर गेली. आता सहा आठवडे होत आले तरी ती पुरती मिटलेली नाही. गावच्या डॉक्टरांनी साखर तपासली, ती योग्य मर्यादेत आहे. त्यांनी मलम आणि गोळ्या दिल्या, आणि ‘तुम्ही फार ताण घेता’ असे म्हणाले.

एवढ्यावर विषय थांबला असता, पण बहिणीने दूरध्वनीवरून एका आरोग्य सल्लागाराचा सल्ला घेतला. त्याने सांगितले की तिचा ताण तिसऱ्या टप्प्यात पोचला आहे, मूत्रपिंडांवर असणाऱ्या तिच्या अधिवृक्क ग्रंथी थकून रिकाम्या झाल्या आहेत, म्हणून प्रतिकारशक्ती ढासळली आणि जखम भरत नाही. त्यासाठी त्याने लाळेची तपासणी आणि तीन महिन्यांच्या पूरक गोळ्या सुचवल्या आहेत, ज्यांची किंमत लहान नाही. आधार म्हणून तो हान्स सेली या शास्त्रज्ञाच्या संशोधनाचे नाव घेतो. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ताणामुळे जखम भरायला उशीर होतो हे खरे आहे का? आणि ग्रंथी रिकामी होते हे खरे आहे का?

निवृत्त मास्तर, म्हापसा

ताई, मी उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवत असे आणि हा विषय माझ्या विशेष आवडीचा होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सेली हे कॅनडातील मॉन्ट्रियल येथे मॅकगिल विद्यापीठात काम करत होते. बीजांडकोशाच्या अर्कात एखादे नवे संप्रेरक सापडते का हे पाहण्यासाठी ते उंदरांना तो अर्क टोचत. उंदरांत त्यांना तीन बदल दिसले: अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झाल्या, थायमस ही प्रतिकारशक्तीची ग्रंथी आणि लसिका ग्रंथी आक्रसल्या, आणि जठरात व्रण पडले. नवे संप्रेरक सापडले या आनंदात ते असतानाच लक्षात आले की फॉर्मॅलिनसारखे नुसते दाहक द्रव्य टोचले तरी हेच तीन बदल होतात. दुसऱ्या कोणीही निराश होऊन तो प्रयोग गुंडाळून ठेवला असता. सेलींनी मात्र विचारले की कारणे वेगवेगळी असताना शरीराचे उत्तर एकच का येते. 1936 साली त्यांनी हे ‘नेचर’ या नियतकालिकात एका लहानशा पत्राद्वारे मांडले, आणि त्यातून सर्वसाधारण अनुकूलन लक्षणसमूहाची कल्पना उभी राहिली.

त्यांनी तीन टप्पे सांगितले. पहिला धोक्याच्या सूचनेचा, ज्यात शरीर हादरते आणि सगळी शक्ती एकवटते. दुसरा प्रतिकाराचा, ज्यात शरीर त्या त्रासाशी जुळवून घेते आणि वरवर सर्व ठीक दिसते. तिसरा थकव्याचा, ज्यात ते जुळवून घेणे संपते आणि प्राणी दगावतो. अधिवृक्क ग्रंथी इतका काळ संप्रेरक पुरवत राहिली की तिचा साठा संपतो, असाच या तिसऱ्या टप्प्याचा अर्थ मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो. त्यामुळे सल्लागाराच्या गोळ्यांबद्दल मी काही सांगू शकत नाही, पण त्याचे निदान मला तर्काला धरून वाटते. माणसांना चिंतेने जठरव्रण होतो हा तर आपल्या सर्वांच्या पाहण्यातला पुरावा आहे.

शरीरक्रिया

मास्तर, इतिहास आपण अचूक मांडलात. मी वैद्यकीय महाविद्यालयात अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आहे आणि तिसऱ्या टप्प्याबद्दल आपल्यासारखीच वाक्ये कित्येक उत्तरपत्रिकांत वाचली आहेत. ताईंचा प्रश्न नेमका तिथेच अडकलेला असल्यामुळे त्या एका मुद्द्यावर थांबते.

सेलींनी उंदरांवर जे लादले ते काय होते, हे आधी डोळ्यांपुढे आणावे. कडाक्याची थंडी, शस्त्रक्रियेची जखम, मज्जारज्जूला इजा, शक्तीबाहेरचा व्यायाम, जीव जाणार नाही इतपत मात्रेत दिलेली विषारी औषधे. पहिला टप्पा 6 ते 48 तासांचा होता, त्यानंतर दुसरा सुरू होई, आणि मारा तसाच चालू ठेवला तर एक ते तीन महिन्यांत उंदीर कोसळत. ज्या प्राण्याला रोज विष टोचले जाते तो अखेरीस का मरतो, याचे उत्तर ‘ग्रंथी रिकामी झाली’ असे निघत नाही. उलट त्याच प्रयोगातील पहिला बदल पाहा. अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झाल्या होत्या. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी आदेश पाठवत राहते, आणि त्या आदेशाने अधिवृक्क ग्रंथीचा बाहेरचा थर वाढतो व अधिक संप्रेरक बनवतो. कॉर्टिसॉल या ताणाच्या मुख्य संप्रेरकाची मोठी कोठी तिथे भरून ठेवलेली नसते. आदेश येतो तेव्हा ते कोलेस्टेरॉलपासून नव्याने तयार केले जाते. सेलींनी पुढे ‘अनुकूलन-ऊर्जा’ नावाचा एक साठा कल्पिला, जो जन्मतः ठरलेला असतो आणि खर्च होत जातो, पण असा साठा शरीरात आजवर कोणाला सापडलेला नाही.

अधिवृक्क ग्रंथी खरोखर निकामी होतात, परंतु तो वेगळा आणि गंभीर आजार आहे. त्यात वजन घटते, उभे राहताच रक्तदाब उतरून चक्कर येते, मीठ खावेसे वाटते आणि त्वचा, हिरड्या व तळहातावरच्या रेषा काळवंडतात. आपल्या देशात क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. ताईंच्या बहिणीला यातले काही असेल तर सकाळच्या रक्तातील कॉर्टिसॉलपासून डॉक्टरांनी तपासणी सुरू करावी. यातले काहीच नसेल, तर ‘थकलेली ग्रंथी’ हे निदान अंतःस्राव-तज्ज्ञ मान्य करत नाहीत.

जठरव्रणाबद्दल एकच वाक्य लिहिते, कारण तो विषय वेगळा आहे. 1982 साली पर्थमध्ये मार्शल आणि वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर जंतू शोधला, आणि तेव्हापासून माणसातील बहुतेक जठरव्रणांचे कारण तो जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या हेच मानले जाते, ताण फार तर त्यात भर घालतो.

डिचोलीचा टिप्परवाला

मी या क्षेत्रातला नाही, पण साखरेचा उल्लेख आला म्हणून लिहितो. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा माझे दोन टिप्पर होते आणि दोन्हींवर कर्ज होते. हप्ते थांबले, पण मागणीची पत्रे थांबली नाहीत. पुढे काम थोडे सुरू झाले, आणि 2018 मध्ये न्यायालयाच्या निकालाने पुन्हा सगळे ठप्प झाले. या काळात मला आधी सतत सर्दी-खोकला होत राहिला, मग मधुमेह निघाला. पूर्वी पावसात भिजून चाकाखाली झोपलो तरी शिंक येत नसे. घरचे म्हणतात की खाणीची धूळ अंगात भिनली. मला वाटते की कर्जाच्या काळजीने साखर झाली. मॅडम, ताणाने साखर होते का आणि ती ताण गेल्यावर जाते का, एवढेच मला सांगा.

शरीरक्रिया

भाऊ, धाग्याचा प्रश्न जखमेचा आहे, पण आपल्या लिहिण्यात त्याचे अर्धे उत्तर दडलेले आहे, म्हणून आधी आपल्याकडे येते.

कॉर्टिसॉल यकृताला साखर बाहेर सोडायला लावते आणि स्नायूंना इन्सुलिनला दाद देऊ देत नाही. मधुमेहाकडे झुकलेल्या माणसाला दीर्घ काळजी त्या दिशेने ढकलू शकते. मात्र आपल्या बाबतीत वय, वजन, घराण्यातला कल आणि चालकाच्या आसनावर बसून गेलेली वर्षे यांतून कर्जाचा वाटा किती, हे कोणीही वेगळे काढून दाखवू शकणार नाही. ताण कमी झाला म्हणून औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, हे मात्र ठामपणे सांगते.

आपल्या सर्दीबद्दल जास्त बोलता येते. शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञाने निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू थेंबाथेंबाने सोडले आणि त्यांना काही दिवस वेगळे ठेवून कोण आजारी पडते ते पाहिले. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या 276 जणांच्या अभ्यासात असे आढळले की ज्यांच्या आयुष्यातील त्रास महिन्याहून कमी काळाचा होता त्यांना सर्दीचा धोका वाढलेला नव्हता. महिना किंवा त्याहून अधिक काळ चाललेल्या त्रासाने मात्र तो स्पष्ट वाढला होता. त्या दीर्घ त्रासात ठळकपणे दोन गोष्टी होत्या: काम नसणे किंवा पुरेसे नसणे, आणि जवळच्या माणसांशी न मिटणारे तंटे. खाण बंद पडलेल्या तालुक्यात राहणाऱ्याला यापुढे वेगळे सांगायला नको.

सेलींच्या टप्प्यांत आणि या निष्कर्षात एक नाते आहे. थोड्या वेळाच्या ताणात प्रतिकारशक्ती खालावत नाही. ॲड्रिनलीनमुळे काही मिनिटांत संरक्षक पेशी रक्तात उतरतात आणि त्यांतील पुष्कळ पुढे त्वचेकडे, म्हणजे जिथे इजा होण्याची शक्यता असते तिथे, रवाना होतात. बिघाड होतो तो ही अवस्था आठवडे आणि महिने उतरत नाही तेव्हा.

निवृत्त मास्तर, म्हापसा

मॅडम, ग्रंथी रिकामी होत नाही हे मी आपल्या युक्तिवादावरून मान्य करतो. ज्या पहिल्या बदलाचे मी वर्णन केले, तोच माझ्या निष्कर्षाच्या विरोधात जातो हे मला आजवर सुचले नव्हते. पण आता एक नवी अडचण उभी राहते. कॉर्टिसॉल प्रतिकारशक्तीला दाबते, म्हणून तर थायमस आक्रसते आणि म्हणूनच दम्यात, संधिवातात त्याच जातीची औषधे दाह कमी करायला देतात. मग दीर्घ ताणात असलेल्या माणसाच्या अंगात दाह कमी असायला हवा. वाचनात मात्र नेहमी येते की ताणाने दाह वाढतो. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल?

शरीरक्रिया

मास्तर, या क्षेत्रातील माणसांनाही याच प्रश्नाने पुष्कळ वर्षे त्रास दिला.

कॉर्टिसॉल पेशीच्या आत शिरते, तिथे ते पकडून घेणारे प्रथिन, म्हणजे त्याचा ग्राहक, असतो, आणि दोघे मिळून केंद्रकात जाऊन दाह निर्माण करणाऱ्या जनुकांना गप्प करतात. महिनोन्महिने कॉर्टिसॉलचा मारा होत राहिला की संरक्षक पेशींतील हा ग्राहक मंद होतो. देवळाशेजारी राहणाऱ्याला रोजची घंटा ऐकू येईनाशी होते, तसा हा प्रकार आहे. रक्तात संप्रेरक असते, कित्येकदा नेहमीइतकेच असते, पण पेशी त्याचे ऐकत नाहीत. कर्करोग झालेल्या मुलांच्या आईवडिलांचे रक्त 2002 मध्ये याच दृष्टीने तपासले गेले. काचपात्रात त्यांच्या पेशींवर डेक्सामेथासोन, म्हणजे कॉर्टिसॉलसारखेच कृत्रिम औषध, घातले असता त्या पेशी दाहकारक रसायन बनवणे इतरांच्या पेशींइतके थांबवत नव्हत्या. पुढे 2012 साली कोहेन यांनी आपल्या स्वयंसेवकांत दाखवले की ज्यांच्या पेशी अशा बहिऱ्या झाल्या होत्या त्यांनाच विषाणू दिल्यावर सर्दी अधिक झाली. सर्दीची शिंक, वाहणारे नाक, बंद झालेला श्वास हा बराचसा आपल्याच दाहाचा परिणाम असतो, त्यामुळे दाह आवरता न येणारा माणूस अधिक आजारी दिसतो.

याचा अर्थ असा की सल्लागार सांगतो त्याच्या जवळजवळ उलट घडते. त्याच्या मते हाक मारणाराच थकला. प्रत्यक्षात ऐकणाऱ्याचे कान बधिर झालेले असतात, आणि अशा वेळी ग्रंथीला ‘बळ’ देणाऱ्या गोळ्यांना करण्यासारखे काही उरत नाही.

आता जखमेकडे येते. ओहायो राज्य विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 साली नेमका ताईंच्या बहिणीसारखा गट निवडला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची घरी शुश्रूषा करणाऱ्या 13 स्त्रिया घेतल्या आणि वय व उत्पन्न यांत त्यांच्याशी जुळणाऱ्या, अशी जबाबदारी नसलेल्या 13 स्त्रिया घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर कोपराखाली 3.5 मिलिमीटर रुंदीची, त्वचेतून आरपार जाणारी गोल जखम एका ठरावीक उपकरणाने केली. जखम बंद झाली हे ठरवण्यासाठी छायाचित्रे घेतली आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून फेस येणे थांबले का ते पाहिले. शुश्रूषा न करणाऱ्यांची जखम सरासरी 39.3 दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांना 48.7 दिवस लागले.

जखम भरण्याच्या पहिल्या काही दिवसांत दाह हवाच असतो, कारण त्यातूनच मृत ऊतक आणि जंतू साफ करणाऱ्या पेशींना बोलावणे जाते आणि मागाहून नवी त्वचा विणणाऱ्या पेशी कामाला लागतात. त्या स्त्रियांच्या पांढऱ्या पेशींना जंतूंचे द्रव्य दाखवले तेव्हा त्यांनी पहिले बोलावणे पाठवणारे इंटरल्युकिन-1 बनवण्याची तयारी इतरांपेक्षा कमी दाखवली. आठ वर्षांनी त्याच गटाने दुसरी बाजू दाखवली. वृद्ध जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-6 हे दाहाचे रसायन सहा वर्षांच्या काळात इतरांपेक्षा सुमारे चौपट वेगाने वाढत गेले. म्हणजे जिथे आणि जेव्हा दाह हवा तिथे तो उशिरा व अपुरा येतो, आणि जिथे नको तिथे सर्व अंगात मंद पेटलेला राहतो. मास्तरांच्या कोड्याचे उत्तर मला तरी यात दिसते, परंतु एकाच माणसात दोन्ही कसे जोडलेले आहेत याचा प्रत्येक धागा उकलला आहे, असा दावा मी करणार नाही.

आकडेमोड

मी संख्याशास्त्राचा माणूस आहे आणि माझी हरकत नोंदवू इच्छितो. 13 विरुद्ध 13 हा फार लहान गट आहे. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया कमी झोपतात, वेळेवर जेवत नाहीत, स्वतःच्या औषधाकडे दुर्लक्ष करतात. जखमेच्या उशिराचे कारण ‘ताण’ आहे की साधी झोप, हे अशा तुलनेतून कळू शकत नाही. शिवाय कोणाच्या वाट्याला आजारी नातलग यावा हे संशोधक चिठ्ठी टाकून ठरवू शकत नाहीत, त्यामुळे दोन्ही गट आधीपासूनच वेगळे असण्याची शक्यता राहतेच.

शरीरक्रिया

हरकत योग्य आहे. तिच्या एका भागाला उत्तर आहे, दुसऱ्याला नाही.

गट आधीपासून वेगळे असतील ही शंका दूर करण्यासाठी 1998 साली त्याच मंडळींनी 11 दंतवैद्यक विद्यार्थ्यांच्या टाळूवर तशाच मापाच्या दोन जखमा केल्या, एक उन्हाळी सुटीत आणि दुसरी पहिल्या मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. इथे प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना स्वतःशीच होती. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस अधिक, म्हणजे जवळपास 40 टक्के अधिक वेळ लागला, आणि सुटीपेक्षा लवकर बरा झालेला एकही विद्यार्थी नव्हता. झोपेचा वाटा किती, हे मात्र यातूनही वेगळे होत नाही. माझे स्वतःचे मत असे आहे की घरी शुश्रूषा करणाऱ्या बाईच्या आयुष्यात झोपमोड हाच ताणाचा गाभा असतो, त्यामुळे दोन्ही अलग करण्याचा हट्ट तिच्या उपयोगाचा नाही.

आकडेमोड

तिच्या उपयोगाचा नसेल, पण कारण ठरवायला तो आवश्यक आहे. झोप हेच कारण असेल तर उपाय रात्रीची सोबत हा आहे, आणि मनावरील भार हे कारण असेल तर केवळ झोप देऊन भागणार नाही. शिवाय परीक्षा हा काही आठवड्यांचा ताण आहे, त्यावरून वर्षानुवर्षांच्या ताणाबद्दल निष्कर्ष काढणे मला पटत नाही. या मुद्द्यावर आपले एकमत होणार नाही असे दिसते.

मडगावची रात्रपाळी

मी परिचारिका आहे. तपासणीबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण लोकांचे पैसे तिथेच जातात. कॉर्टिसॉल दिवसभर सारखे नसते. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत वर जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला पोचते. म्हणून रक्त सकाळी आठच्या सुमारास घेतात. दुपारी घेतलेल्या नमुन्यात आकडा कमी आला म्हणून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. माझ्यासारख्या रात्रपाळी करणाऱ्यांचे चक्र सरकलेले असते, आणि ताईंच्या बहिणीची रात्र तर जागण्यातच जाते, त्यामुळे तिच्या एका नमुन्यावरून कोणी मोठा अर्थ काढू नये. लाळेची तपासणी मुळात खोटी नाही. रात्री उशिरा घेतलेली लाळ डॉक्टर वापरतात, पण ती कॉर्टिसॉल प्रमाणाबाहेर जास्त आहे का हे पाहण्यासाठी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आमच्या नात्यातील एक काकी गुडघेदुखीसाठी कित्येक महिने प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या घेत होत्या आणि बरे वाटू लागल्यावर त्यांनी त्या एकाएकी बंद केल्या. काही दिवसांत ओकाऱ्या, विलक्षण अशक्तपणा आणि शेवटी उभ्या उभ्या कोसळणे इथवर प्रकरण गेले. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर त्या सावरल्या. बाहेरून औषध मिळत राहिल्यामुळे त्यांच्या ग्रंथी झोपी गेल्या होत्या. त्यांनाही कोणीतरी ‘ताणाचा थकवा आहे, विश्रांती घ्या’ असेच म्हटले होते. ताई, बहीण अशा काही गोळ्या किंवा नाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्या घेते का, हे नक्की विचारा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते, आणि त्यानेही जखम भरायला वेळ लागतो. घेत असेल तर स्वतः एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना दाखवावी.

फोंडेकरीण

सर्वांचे मनापासून आभार. बहिणीला सविस्तर विचारले. ती कोणतीही पुडी किंवा स्टिरॉइड घेत नाही. वजन घटलेले नाही, चक्कर येत नाही, त्वचेचा रंग बदललेला नाही. लाळेची तपासणी आणि गोळ्या या दोन्ही गोष्टी तिने नाकारल्या. भावोजींचा पुतण्या आठवड्यातील काही रात्री त्यांच्या घरी झोपायला येऊ लागला आहे, आणि आतून न उघडणारी कडीही बसवली आहे.

अजून दोन शंका आहेत. मॅडमनी दिलेले आकडे पाहिले तर ताणातल्या बाईची जखम सात आठवडे घेऊ शकते. मग सहा आठवड्यांची ही जखम ताणाचीच समजून वाट पाहावी का? आणि तिने फ्लूची लस घ्यायची ठरवली होती. प्रतिकारशक्ती मंद असेल तर ती लस वायाच जाईल का?

शरीरक्रिया

लस वाया जात नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांना फ्लूची लस दिल्यावर त्यांच्यापैकी कमी लोकांत प्रतिपिंडे चौपट किंवा अधिक वाढली, असे याच गटाने 1996 मध्ये दाखवले होते. मात्र पुष्कळांत ती वाढलीच होती, आणि घरात आजारी वृद्ध असताना अर्धे संरक्षणही मोलाचे असते. तिने लस अवश्य घ्यावी आणि सासूबाईंनाही देता येईल का ते डॉक्टरांना विचारावे.

रात्रीची सोबत मिळाल्यावर पेशींचे कान पुन्हा उघडतात का, हे आपण विचारले नाही तरी मनात येणारच. ज्या अभ्यासात इंटरल्युकिन-6 वेगाने वाढत गेले, त्यात जोडीदाराचे निधन होऊन शुश्रूषा संपल्यानंतरही कित्येक वर्षे तो वेग उतरला नव्हता. ते सर्व वृद्ध जोडीदार होते आणि शोकही त्यात होता, म्हणून आपल्या बहिणीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे बरोबर होणार नाही.

जखमेबद्दल मात्र वाट पाहू नये. अभ्यासातील जखम स्वच्छ उपकरणाने केलेली होती आणि ती रोज थोडी थोडी लहान होत गेली. ताणाने वेग कमी होतो, दिशा उलटत नाही. बहिणीची जखम गेल्या दोन आठवड्यांत लहान झाली आहे का, हे पाहा. ती तेवढीच राहिली असेल, कडा उंचावल्या असतील, किंवा तिथून मनगटाकडे लहान गाठींची रांग दिसत असेल, तर शल्यचिकित्सकाकडून ऊतकाचा तुकडा तपासून घ्यावा. मासळी हाताळताना झालेल्या जखमेत मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा, क्षयाच्या जंतूच्या कुळातला जंतू शिरू शकतो. तो आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही, आणि लोक त्याला ताण किंवा साखर समजून बसतात. नमुन्यासोबतच्या कागदावर ‘मासळी कापताना झालेली जखम’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, कारण हा जंतू सुमारे 30 अंश सेल्सिअस तापमानाला चांगला वाढतो आणि प्रयोगशाळेने नमुना फक्त नेहमीच्या 37 अंशांवर ठेवला तर तो निसटण्याचा संभव असतो.